आधी सही, मंजुरी मागाहून: अधिकार नसताना केलेलं काम कंपनी नंतर कायदेशीर करू शकते का?

एका सरकारी कंपनीतल्या कर्मचाऱ्याची विभागीय चौकशी होते आणि त्याला बडतर्फ केलं जातं. आदेशावर व्यवस्थापकीय संचालकांची, म्हणजे एमडींची सही असते. कर्मचारी नियम तपासतो, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की त्याला काढून टाकण्याचा अधिकार एमडींना नव्हताच, तो फक्त संचालक मंडळाला होता. तो हायकोर्टात जातो. प्रकरण कोर्टात गेल्यावर संचालक मंडळाची बैठक होते आणि एमडींचा आदेश मंडळाला मान्य असल्याचा ठराव होतो.

अशा वेळी बडतर्फी वैध कधीपासून धरायची? आदेश निघाला त्या दिवसापासून, ठराव झाला त्या दिवसापासून, की कधीच नाही? हा प्रश्न काल्पनिक नाही. महाराष्ट्र राज्य खनिकर्म महामंडळाच्या प्रकरणात तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००६ मध्ये त्याचं उत्तर मिळालं. त्या उत्तरावर अनेकांची नोकरी, करार आणि पैसे अवलंबून असतात.

कार्योत्तर मंजुरी म्हणजे काय?

महापालिकेच्या किंवा मंत्रालयाच्या बातम्यांमध्ये ‘कार्योत्तर मंजुरी’ हा शब्द नेहमी येतो. काम आधी झालेलं असतं, मंजुरी नंतर दिली जाते. कायद्याच्या मराठीत यालाच ‘अनुसमर्थन’ असंही म्हणतात.

यामागचा नियम भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये आहे. त्याचं कलम १९६ सांगतं की एखाद्याने दुसऱ्याच्या वतीने, पण त्याला न विचारता किंवा त्याने दिलेल्या अधिकाराबाहेर जाऊन काही केलं, तर त्या दुसऱ्यासमोर दोन पर्याय असतात. तो ते काम आपलं मानू शकतो किंवा नाकारू शकतो. आपलं मानलं, तर परवानगी आधीपासूनच होती असं समजून सगळे परिणाम लागू होतात.

शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं आहे. मंजुरी ठरावाच्या तारखेपासून लागू होत नाही, ती मागे जाऊन मूळ कामाच्या तारखेला चिकटते. मार्चमध्ये केलेल्या कराराला जुलैमध्ये मंजुरी मिळाली, तर करार मार्चपासूनच पक्का होतो.

मंजुरी लेखीच हवी असंही नाही. कलम १९७ नुसार ती वागणुकीतूनही दिसू शकते. विचारल्याशिवाय कोणीतरी कंपनीसाठी माल घेतला आणि कंपनीने तो माल स्वतःचा म्हणून विकून पैसे घेतले, तर ‘ती खरेदी आम्हाला मान्य नव्हती’ असं नंतर म्हणता येत नाही.

खनिकर्म महामंडळाच्या प्रकरणात काय ठरलं?

हायकोर्टाने कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. अधिकार नसलेल्या माणसाने काढलेला आदेश बेकायदा आहे आणि जे मुळातच बेकायदा आहे ते नंतरच्या ठरावाने दुरुस्त होत नाही, असं हायकोर्टाचं म्हणणं होतं.

सुप्रीम कोर्टाने यातलं पहिलं वाक्य मान्य केलं, दुसरं नाही. एमडींचा आदेश अवैध होता, हे खरंच. पण कार्योत्तर मंजुरीची गरज मुळात अवैध कामालाच असते. काम आधीच वैध असेल तर मंजुरी कशाला लागेल? कर्मचाऱ्याला काढण्याचा अधिकार संचालक मंडळाला होता आणि त्याच मंडळाने एमडींचा आदेश आपला मानला. त्यामुळे ती मंजुरी मूळ आदेशाच्या तारखेपर्यंत मागे गेली आणि आदेश वैध ठरला.

याआधी १९७३ मध्येही सुप्रीम कोर्टाने अशीच भूमिका घेतली होती. त्या प्रकरणात १६ डिसेंबर १९५३ रोजी एका कंपनीच्या संचालक मंडळाने जनरल मॅनेजरला काढण्याचा ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी त्याला तशी तार व पत्र पाठवलं. पण बैठकीची नोटीस एका संचालकाला दिलेलीच नव्हती. सगळ्या संचालकांना नोटीस नसेल तर बैठकीतला ठराव टिकत नाही, म्हणजे अध्यक्षांच्या तारेला आधारच उरला नाही. मात्र २३ डिसेंबरला रीतसर बोलावलेल्या बैठकीत मंडळाने आधीचा निर्णय कायम केला. कोर्टाच्या मते अध्यक्षांची कृती त्यामुळे मंजूर झाली आणि ती मंजुरी तारेच्या दिवसापासून लागू झाली.

अधिकार नसलेली व्यक्ती आणि नियमाप्रमाणे न बोलावलेली बैठक, हे दोन्ही दोष नंतर दूर होऊ शकतात. मात्र मंजुरी देणाऱ्याकडे तो अधिकार खरोखर असावा लागतो आणि मंजुरी देणारी बैठक नियमाप्रमाणे व्हावी लागते. दुसऱ्या बैठकीतही नोटीस चुकली, तर एका चुकीवर दुसरी चूक चढते, इतकंच.

संचालकांची मंजुरी पुरते की भागधारकांची लागते?

याची कसोटी साधी आहे. ते काम आधी करायचं असतं तर कोणाची परवानगी लागली असती? नंतरची मंजुरीही त्याच्याकडूनच हवी.

मॅनेजरने किंवा एमडीने मर्यादा ओलांडली आणि ते काम मंडळाच्या कक्षेतलं असेल, तर मंडळाचा ठराव पुरतो. पण काही निर्णय कंपनी कायदा, २०१३ ने मंडळाच्या हातातच ठेवलेले नाहीत. उदाहरणार्थ, कंपनीचा संपूर्ण उद्योग किंवा त्याचा मोठा भाग विकायचा असेल तर कलम १८० नुसार भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. असा कारखाना मंडळाने परस्पर विकला, तर मंडळानेच पुढच्या बैठकीत स्वतःला मंजुरी देऊन काहीही साधत नाही. जो अधिकार आधी नव्हता तो नंतरही नसतो.

कधी अधिकार संचालकांचाच असतो, पण तो चुकीच्या हेतूने वापरला जातो. अशा वेळी भागधारक काय करू शकतात, याचं गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे आणि त्याचा संबंध सोशल मीडियावर सगळ्यांच्या ओळखीच्या झालेल्या जेसीबीशी आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी उभारलेल्या जेसीबी कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस बॅमफर्ड्स लिमिटेड ही शेती अवजारांची कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. बॅमफर्ड्सच्या संचालकांना ते नको होतं. त्यांनी पाच लाख नवे शेअर्स आपला माल विकणाऱ्या बर्जेस या कंपनीला देऊन टाकले. शेअर्स देण्याचा अधिकार संचालकांना होता, पण तो भांडवल उभारण्यासाठी होता, ताबा रोखण्यासाठी नव्हे, असा आक्षेप घेत काही भागधारक कोर्टात गेले.

संचालकांनी मग सर्वसाधारण सभा बोलावली आणि सभेने शेअर वाटप मान्य केलं. हेतू चुकीचा होता असं घटकाभर धरलं, तरी सगळी माहिती समोर ठेवून भागधारकांनी साध्या बहुमताने ते माफ केलं असेल तर वाटप टिकतं, असा निकाल अपील कोर्टाने दिला.

बहुमताच्या या ताकदीलाही मर्यादा आहे. १९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर कॅनडातल्या एका बांधकाम कंपनीचं प्रकरण आलं. तिच्या तीन संचालकांनी कंपनीला मिळू शकणारं रेल्वेचं कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं होतं. बहुसंख्य शेअर्स त्यांच्याच हातात असल्याने त्यांनी सभेत ठराव करून या प्रकाराला मान्यताही मिळवली. प्रिव्ही कौन्सिलने तो ठराव मानला नाही. कंत्राट कंपनीचं होतं आणि कंपनीची मालमत्ता स्वतःच्याच मतांनी स्वतःला बहाल करण्याला मंजुरी म्हणत नाहीत. थोडक्यात, संचालकांची चूक बहुमत माफ करू शकतं, अल्पमतातल्या भागधारकांची लूट नाही.

काय कधीच वैध होऊ शकत नाही?

मंजुरी देणाऱ्याकडे अधिकार हवा, याचा पुढचा अर्थ असा की जे काम करण्याचा अधिकार खुद्द कंपनीलाच नाही, ते कोणीही मंजूर करू शकत नाही. प्रत्येक कंपनीच्या घटनापत्रात तिची उद्दिष्टं लिहिलेली असतात आणि त्याबाहेरचं काम कंपनीचं मानलं जात नाही. १८७५ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ॲशबरी कंपनीच्या खटल्यात हे ठरवलं. ही कंपनी रेल्वेचे डबे बनवण्यासाठी होती, पण संचालकांनी बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्याचा करार केला. झाडून सगळ्या भागधारकांनी संमती दिली असती तरी हा करार जिवंत झाला नसता, असं न्यायाधीशांनी म्हटलं.

भारतातही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९६२ मध्ये हाच नियम लावला. एका आयुर्विमा कंपनीच्या संचालकांनी एका स्मारक ट्रस्टला दोन लाख रुपयांची देणगी दिली होती. भागधारकांच्या सभेचा ठराव त्यांच्या पाठीशी होता. पुढे विमा व्यवसायाचं राष्ट्रीयीकरण झालं आणि एलआयसीने त्या रकमेवर आक्षेप घेतला. अशी देणगी कंपनीच्या उद्दिष्टांत बसत नाही, त्यामुळे भागधारकांचा ठराव संचालकांना वाचवू शकत नाही, असं कोर्टाने ठरवलं आणि पैसे परत करण्याची जबाबदारी संचालकांवर आली.

कायद्याने दिलेल्या अधिकारांबाबत कोर्ट आणखी काटेकोर होऊ शकतं. मराठवाडा विद्यापीठाच्या प्रकरणात कुलगुरूंनी एका अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई केली होती. विद्यापीठ कायद्यानुसार तो अधिकार कार्यकारी परिषदेचा होता. परिषदेने नंतर कुलगुरूंची कृती मान्य केली. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही मान्यता फेटाळली. कायद्याने ज्याला अधिकार दिला त्यानेच तो वापरायचा असतो आणि अधिकाराशिवाय झालेली कृती मुळातच शून्य असते, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

पण ही रेषा सरळ नाही. २०१५ मध्ये सिल्चरच्या एनआयटीच्या प्रकरणात प्राचार्यांनी काढलेला बडतर्फीचा आदेश नियामक मंडळाने नंतर मान्य केला होता आणि सुप्रीम कोर्टाने ती मंजुरी ग्राह्य धरली. त्यामुळे सरकारी संस्थेच्या बाबतीत फक्त ‘नंतर ठराव झाला’ किंवा ‘आधी अधिकार नव्हता’ एवढ्यावर निकाल सांगता येत नाही. अधिकार कोणत्या कायद्यातून किंवा नियमातून आला आणि त्याची भाषा काय आहे, हे पाहावं लागतं.

तिसऱ्याचं नुकसान होत असेल तर?

मंजुरी मागे जाते, पण ती कुणाच्याही अंगावरून जाऊ शकत नाही. करार कायद्याचं कलम २०० हेच सांगतं आणि कायद्यात त्याचं उदाहरणही दिलं आहे. भाडेकराराप्रमाणे जागा रिकामी करून घेण्यासाठी तीन महिन्यांची नोटीस लागते. अधिकार नसलेल्या माणसाने मालकाच्या नावाने भाडेकरूला नोटीस दिली. मालकाने नंतर ती मान्य केली, तरी भाडेकरूवर ती बंधनकारक होत नाही. कारण नोटीस हातात पडली तेव्हा ती खरी मानून दुसरी जागा शोधायची की दुर्लक्ष करायचं, हे भाडेकरूला ठरवता येत नव्हतं.

दुसरीकडे, कंपनीशी प्रामाणिकपणे व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या माणसाला दरवेळी अशा मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. घटनापत्र आणि नियमावली पाहून अधिकार असू शकतो असं दिसत असेल, तर आतली बैठक खरंच झाली का हे तपासण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. टर्क्वांड या १८५६ च्या इंग्लिश खटल्यातला हा नियम भारतातही मानला जातो. मात्र गडबड माहीत असलेल्याला हे संरक्षण नाही.

तीन महिन्यांची मुदत: एक उदाहरण

मंजुरी कधीपर्यंत द्यायची, याची एकच सर्वसाधारण तारीख नाही. पण नातेसंबंधातल्या व्यवहारांसाठी कंपनी कायद्याच्या कलम १८८ ने स्पष्ट मुदत दिली आहे. एमडीची पत्नी, संचालकाचा भाऊ किंवा त्यांच्या मालकीची कंपनी यांच्याशी व्यवहार होतो आणि तो नेहमीच्या धंद्यातला, बाजारभावाने केलेला नसतो, तेव्हा हे कलम लागू होतं.

समजा, चाकणमध्ये एक पब्लिक लिमिटेड कंपनी आहे, शेअर बाजारात नोंद नसलेली. तिची वार्षिक उलाढाल ४० कोटी रुपये आहे आणि संचालक पाच आहेत. एमडींनी १० जून २०२४ रोजी पत्नीच्या मालकीचं गोदाम कंपनीसाठी तीन वर्षांच्या भाड्याने घेतलं. भाडं महिना ३ लाख रुपये, आसपासचा दर मात्र साधारण २ लाख ४० हजार. मंडळाला विचारलं नाही. ऑगस्टमध्ये हिशेब पाहताना ही बाब समोर आली.

वर्षाचं भाडं ३६ लाख होतं, म्हणजे उलाढालीच्या दहा टक्क्यांपेक्षा, ४ कोटींपेक्षा, खूपच कमी. त्यामुळे भागधारकांची परवानगी लागत नाही, पण मंडळाच्या बैठकीत ठराव मात्र लागतोच. तो आधी झाला नसेल तर कराराच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरच्या ९-१० तारखेपर्यंत, कार्योत्तर मंजुरी मिळायला हवी. बैठकीसाठी एरवी सात दिवस आधी नोटीस लागते, त्यामुळे ऑगस्टच्या शेवटी हालचाल करावीच लागेल. बैठकीत एमडींनी आपलं हितसंबंधाचं नातं सांगायचं आणि या विषयावर चर्चा किंवा मतदान करायचं नाही. निर्णय उरलेल्या चौघांचा.

आता चौघांनी मंजुरी दिली तर करार १० जूनपासून पक्का होतो आणि महिना ६० हजारांचा जादा बोजा कंपनी स्वीकारते. ‘जागा ठेवू, पण भाडं फक्त २ लाख ४० हजार मंजूर’ असा ठराव करता येत नाही. कलम १९९ नुसार व्यवहाराचा एक भाग मान्य केला तर पूर्ण व्यवहार मान्य केल्यासारखा होतो. भाडं कमी करायचं तर पत्नीशी नवा करार करावा लागेल. मुदतीत मंजुरी दिलीच नाही, तर करार आपोआप मरत नाही, पण तो रद्द करण्याचा पर्याय मंडळाच्या हातात येतो. शिवाय कंपनीचं जे नुकसान झालं असेल ते संबंधित संचालकाला, इथे एमडींना, भरून द्यावं लागतं.

मंजुरी खरी आहे की कागदापुरती, हे कसं ओळखायचं?

कलम १९८ मधली अट इथे उपयोगी पडते. ज्याला मूळ व्यवहाराची महत्त्वाची माहितीच नाही, त्याने दिलेली मंजुरी टिकत नाही. म्हणून इतिवृत्तात नुसतं ‘एमडींनी केलेल्या सर्व कृतींना मंजुरी देण्यात आली’ असं एक वाक्य असेल तर ते कच्चं असतं. चाकणच्या उदाहरणात ठरावात गोदामाची मालकी कोणाची, भाडं किती, आसपासचा दर किती आणि करार कोणत्या तारखेचा, हे सगळं असायला हवं. गोदामाची मालकीण एमडींची पत्नी आहे हे चौघांना सांगितलंच नसेल, तर त्यांच्या होकाराला अर्थ उरत नाही.

मागच्या बैठकीचं इतिवृत्त ‘कायम करणं’ ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा अर्थ एरवी एवढाच असतो की मागच्या वेळी जे झालं ते बरोबर नोंदवलं आहे. वादाच्या वेळी त्यावर विसंबण्यापेक्षा नेमक्या कृतीचं नाव घेऊन केलेला वेगळा ठराव जास्त भक्कम असतो. आणि तारीख मागची टाकायची गरजच नसते. ठरावावर आजची खरी तारीख असली तरी कायदा त्याचा परिणाम मागे नेतो. उलट मागची तारीख टाकून ‘परवानगी आधीच होती’ असं दाखवलं, तर ती मंजुरी राहत नाही, तो बनावट दस्तऐवज होतो.

त्यामुळे ‘मंडळाने नंतर मंजुरी दिली आहे’ असं उत्तर मिळालेल्या कर्मचाऱ्याने, भागधारकाने किंवा पुरवठादाराने त्या ठरावाची प्रत पाहून चार गोष्टी तपासायला हव्यात: हा अधिकार मुळात मंडळाचा होता का, बैठक रीतसर बोलावली होती का, ठरावात सगळी माहिती आहे का आणि कायद्याने दिलेली मुदत असेल तर ती उलटून गेली नव्हती ना.